[मंडळ-कार्यकारिणी] महाप्रसाद नोंदणी: फाइलमधले कॉलम सरकताहेत

मृणाल:

नमस्कार मंडळी,

महाप्रसादाच्या नोंदणीचा एकेक मेल उघडून आकडे काढायला नकोत, म्हणून मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. मेलमधून नाव, पत्ता, मोठे, लहान आणि रक्कम उचलायची, क्रमांक लावायचा आणि सगळं `','.join` करून फाइलमध्ये लिहायचं, एवढंच तिचं काम. काल ती फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर मोठ्यांची बेरीज तीनशेच्या वर गेलेली! आपल्या हॉलमध्ये एवढी माणसं मावतच नाहीत. शोधता शोधता हे सापडलं:

```
क्रमांक,नाव,पत्ता,मोठे,लहान,रक्कम
41,कुलकर्णी,मुख्य रस्ता 12, तिसरा मजला
60311 फ्रँकफुर्ट,2,1,37,50
```

पत्त्यात कॉमा आहे, पत्ता दोन ओळींत आहे, आणि रक्कम जर्मन पद्धतीने 37,50 लिहिलेली. दुसरी ओळ स्वतंत्र नोंद समजली गेली, त्यामुळे 37 मोठ्यांच्या कॉलममध्ये आणि 50 लहानांच्या कॉलममध्ये जाऊन बसले. घरात माणसं तीन आहेत. केटररला शुक्रवारी आकडा द्यायचा आहे, काय करू?

वैभव:

मृणाल, सोपं आहे. कॉमाऐवजी टॅब वापर. पत्त्यात टॅब कोणी टाइप करत नाही. कॉमाच हवा असेल तर जोडताना प्रत्येक किमतीच्या मागेपुढे `"` लाव. ऑफिसमध्ये मी दोन्ही केलंय, कधी अडलं नाही.

रोहिणी:

माझ्याकडेही हाच प्रॉब्लेम आहे! वाचनालयाच्या यादीत ड्रेस्डेनच्या सभासदांचा पिनकोड 01067 आहे, एक्सेलमध्ये उघडला की 1067 होतो. वैभव म्हणतो तसा अवतरणात टाकला, तरी तेच. मृणाल, तुला उपाय सापडला की मलाही सांग.

सुहासकाका:

मृणाल, टॅबने कॉमाचा त्रास जाईल, पण पत्त्यातला एंटर तसाच राहील. नोंद तरीही दोन तुकड्यांत फुटेल, म्हणजे तुझी 41 नंबरची नोंद टॅबनेही सुधारत नाही.

अवतरणांचा विचार बरोबर आहे. अवतरणाच्या आत आलेला कॉमा किंवा एंटर हा किमतीचाच भाग मानायचा, असा सीएसव्हीचा संकेत आहे, आणि 2005 सालच्या `RFC 4180` मध्ये तो लिहूनही ठेवलाय. मात्र वैभव, हाताने लावलेली अवतरणं एका ठिकाणी फसतात. आपल्याकडे घरांना नावं असतात. कोणी पत्त्यात "श्रमसाफल्य" असं अवतरणासकट लिहिलं, की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला किंमत तिथेच संपली असं वाटतं आणि पुढचा कॉमा पुन्हा कॉलम तोडतो. आतलं प्रत्येक अवतरण दुहेरी, म्हणजे `""` असं लिहावं लागतं. हे आपण करत बसू नये. पायथनचं `csv` मोड्यूल ते करतं:

```python
import csv
with open('nondani.csv', 'w', newline='', encoding='utf-8') as f:
    w = csv.writer(f)
    w.writerow(['क्रमांक','नाव','पत्ता','मोठे','लहान','रक्कम'])
    w.writerows(nondi)
```

`newline=''` गाळू नकोस, नाहीतर विंडोजवर प्रत्येक नोंदीनंतर रिकामी ओळ येते. 41 नंबर आता असा दिसेल:

```
41,कुलकर्णी,"मुख्य रस्ता 12, तिसरा मजला
60311 फ्रँकफुर्ट",2,1,"37,50"
```

नोटपॅडमध्ये ही नोंद अजून दोन ओळींत दिसेल, पण ती एकच नोंद आहे. म्हणून `wc -l` ने नोंदी मोजू नकोस. फाइल वाचणारी दुसरी स्क्रिप्ट असेल आणि ती `split(',')` करत असेल, तर ही बरोबर फाइलसुद्धा ती चुकीचीच वाचेल. तिथे `csv.reader` हवा.

रोहिणी, तुमचं दुखणं वेगळं आहे. अवतरण फक्त किंमत कुठे संपते ते सांगतं, ती मजकूर आहे की संख्या हे सांगत नाही. एक्सेलला 01067 ही संख्या वाटते. फाइल दुहेरी क्लिकने उघडण्याऐवजी इम्पोर्ट करा आणि पिनकोडचा कॉलम मजकूर म्हणून निवडा.

मृणाल:

काका, नवीन स्क्रिप्ट चालली. पण पहिल्या 60 नोंदींचे मूळ मेल मी फाइल झाल्यावर काढून टाकले होते. त्यांची फक्त फुटलेली फाइल उरली आहे. ओळीत सहा कॉलम नसतील ती फुटलेली, असं धरून शोधतेय. बरोबर ना?

सुहासकाका:

तेवढ्यावर थांबू नकोस. त्याच पत्त्यात कोणी शेवटी देशाचं नाव लिहिलं असेल तर ओळ अशी पडते:

```
60311 फ्रँकफुर्ट, जर्मनी,2,1,37,50
```

मोज, बरोबर सहा. गणतीत ही ओळ पास होते आणि 37 मुलं देऊन जाते. म्हणून पहिल्या कॉलममध्ये निव्वळ आकडा आहे का, हेही बघ.

जुळवायला सुरुवात क्रमांकापासून कर. तुझी प्रत्येक खरी नोंद आकडा आणि लगेच कॉमा अशी सुरू होते. 60311 नंतर मात्र आधी जागा आहे. जी ओळ तशी सुरू होत नाही, ती मागच्या नोंदीला चिकटव. कोणाच्या पत्त्याची ओळ "12, मुख्य रस्ता" अशी सुरू झाली तर फसगत होईल, म्हणून क्रमांक मागच्यापेक्षा नेमका एकने जास्त आहे ना, ते पाहा.

मग दोन्ही टोकांकडून आत ये. डावीकडून क्रमांक आणि नाव सोड. उजवीकडून मोठे, लहान, रक्कम काढ. मधे उरेल तो सगळा पत्ता, त्यात कितीही कॉमा असोत. अडचण रकमेची आहे: 37,50 असेल तर उजवीकडून चार तुकडे जातात, नुसते 30 असेल तर तीन. आपला दर मोठ्यांना 15 आणि लहानांना साडेसात युरो आहे. दोन्ही शक्यता धरून दराने गुण. `2,1,37,50` मध्ये चार तुकडे घेतले तर 2 × 15 + 7,50 म्हणजे 37,50, जमलं. तीन घेतले तर एक मोठा, 37 मुलं आणि 50 युरो, हे जमत नाही. जी शक्यता दराशी जुळते ती खरी. पण ज्यांनी वर देणगी जोडून रक्कम भरली, त्यांची जुळणार नाही.

नावातच कॉमा असेल, "कुलकर्णी, शैलेश" असा, तर नाव कुठे संपतं आणि पत्ता कुठे सुरू होतो हे यंत्राला कळायला मार्ग नाही. माणसांचे आकडे तरीही उजवीकडून बरोबर निघतील.

अनघाताई:

मृणाल, पत्ते जुळवताना ओळी मोडून एका ओळीत आणणार असशील तर थांब गं. दिवाळी अंकाची लेबलं मी याच फाइलवरून छापते. रस्ता एका ओळीत आणि पिनकोड-शहर त्याखाली, असंच लेबल हवं. मागच्या वर्षी सगळं सलग आलं होतं आणि मी रात्री बसून हाताने एंटर मारले.

वैभव:

ताई, पण आतला एंटर हीच तर सगळ्या दुखण्याची मुळी आहे. खजिनदारांची स्क्रिप्ट ओळीओळीने वाचते, ती कोण बदलणार? एंटरच्या जागी ` | ` घालू. लेबल छापताना तिथे ओळ तोडता येईल.

सुहासकाका:

चालेल, पण मूळ पत्त्यात ते चिन्ह कुठे नाही ना, हे आधी शोधून घ्या. माझं मत विचाराल तर एंटर राहू द्यावा आणि खजिनदारांची स्क्रिप्ट दुरुस्त करावी. बदल दोन ओळींचा आहे.

मृणाल:

60 पैकी 54 नोंदी दरासकट जुळल्या. चौघांनी देणगी जोडली होती, त्या मी वाचून लावल्या. दोन नोंदींत नावातच कॉमा आहे, पण आकडे दराशी जुळतात, म्हणून केटररला शुक्रवारी आकडा जाईल. त्या दोघांना पत्त्यासाठी मी फोन करते. एंटर की ` | `, हे खजिनदारांशी बोलल्याशिवाय ठरवत नाही. अनघाताई, तोवर लेबलांसाठी तुम्हाला एंटर असलेली फाइल वेगळी पाठवते.