बांगड्याला आधी थर्मामीटर लावा

> पुण्यातल्या गणेश पेठेतून बांगड्याचा खोका घेतो. डोळे, कल्ले छान दिसतात. तेवढं पुरे का? ठेवायचा कसा?

बांगडा आणि कुपा यांना तेवढं पुरत नाही. हे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. ते वासाला कळेलच असं नाही आणि तळूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात.

म्हणून खोका उघडला की मधल्या थरातला, बर्फापासून लांबचा मासा काढा आणि थर्मामीटरची सुई पाठीच्या जाड भागात खुपसा. 4 अंशांपर्यंत ठीक. समजा वरचा मासा 2 दाखवतोय आणि मधला 9, तर घाट चढेपर्यंत बर्फ कमी पडलेला असतो. तो खोका परतच करा, विक्रेता कितीही ओळखीचा असो. आपल्याकडे पुन्हा गार केल्यानं झालेलं हिस्टामिन कमी होत नाही.

घेतलेला मासा भोकांच्या ट्रेमध्ये, खाली-वर बर्फाचा चुरा घालून, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. ट्रेखाली पाणी झेलायला भांडं हवंच. वितळलेल्या पाण्यात पडलेला मासा लवकर मऊ पडतो. सकाळ-संध्याकाळ बर्फ बदला, आणि बांगडा शक्यतो त्याच दिवशी संपवा.