किडनी बायोप्सीत काँगो रेड पॉझिटिव्ह, आता आधी कोणती तपासणी? (बजेट १५ हजार)

कऱ्हाडकर: वडील ६१ वर्षांचे. पाय सुजलेत, लघवीला फेस. २४ तासांच्या लघवीत ८.४ ग्रॅम प्रोटीन, अल्ब्युमिन १.९, क्रिएटिनिन १.३. शुगर नाही. बायोप्सीत अमायलॉइड निघालं, काँगो रेड पॉझिटिव्ह, पण प्रकार लिहिलेलाच नाही. तरुणपणी टीबी झाला होता, तेव्हापासून खोकला-कफ कायमचाच.

अण्णा_सोलापूर: २४ तासांची लघवी नीट धरली होती ना? सकाळची पहिली टाकून द्यायची असते. आम्हाला लॅबवाल्यांनी सांगितलंच नाही, पैसे वाया गेले.

मीनल_ठाणे: काँगो रेड पॉझिटिव्ह म्हणजे लाइट चेनच. सासऱ्यांचं तेच निघालं. सरळ मुंबईला आणा, बोन मॅरो करून केमो सुरू करा. पैशांचं नंतर बघता येतं.

काचपट्टी: मीनलताई, तसं नाही. काँगो रेडवरून फक्त अमायलॉइड आहे एवढंच कळतं. पोलराइज्ड लाइटखाली पोपटी चमक दोन्ही प्रकारांत दिसते. लाइट चेनवाल्यात मॅरोतल्या प्लाझ्मा पेशी खराब साखळ्या बनवतात. दुसऱ्यात, म्हणजे एएमध्ये, शरीरातल्या वर्षानुवर्षांच्या आतल्या सुजेमुळे लिव्हर एसएए प्रोटीन जास्त बनवतं, तेच किडनीत साठतं. आपल्याकडे त्यामागे बऱ्याचदा टीबी किंवा त्याने खराब झालेलं फुफ्फुस असतं.
कऱ्हाडकर, रिपोर्टमध्ये इम्युनोफ्लुरोसन्सचं काय लिहिलंय?

कऱ्हाडकर: कप्पा, लँबडा दोन्ही लाइट चेन निगेटिव्ह. रक्तात कप्पा ४२, लँबडा ३८.

काचपट्टी: दोन्ही थोडे वाढलेत, पण रेशो १.१. किडनी मंदावली की दोन्ही वाढतात, एकच वाढला असता तर शंका घेतली असती. त्यामुळे पारडं एएकडे झुकतंय. पण लाइट चेनवालं कधीकधी फ्लुरोसन्सला चकवतं. म्हणून बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर एए स्टेन करून घ्या, सोबत इम्युनोफिक्सेशन. बजेटमध्ये बसावं, तरी आधी दर विचारा. स्टेनही गोंधळाचा आला तर मास स्पेक्ट्रोमेट्री, ती महाग.

अण्णा_सोलापूर: मी पण टीबीचंच म्हणणार होतो.

मीनल_ठाणे: स्टेनची वाट बघता बघता आमच्या सासऱ्यांचं हार्ट गेलं कामातून. जरा जपून सल्ले द्या.

काचपट्टी: लाइट चेन असेल तर उशीर खरंच महागात पडतो. म्हणून टू-डी इको आणि एनटी-प्रोबीएनपी याच आठवड्यात करा. पण प्रकार न ठरवता केमो दिली आणि आत टीबी जागा असला, तर तो उफाळेल. एएमध्ये केमोचा उपयोगही नाही, तिथे मूळ सूज थांबवावी लागते. थुंकी तपासा, छातीचा सीटी काढा. आणि वयस्कर माणसाच्या रक्तात छोटा एम-बँड योगायोगानेही सापडतो, नुसत्या त्यावर निर्णय नको.

कऱ्हाडकर: सगळ्यांचे आभार. भावाने मुंबईत मंगळवारची बोन मॅरोची तारीख घेतलीय, घरात तेच ठरलं. स्टेनचं नंतर बघू.

काचपट्टी: ठीक. मग मुंबईला जाताना ब्लॉक तरी सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.

अण्णा_सोलापूर: ब्लॉक मागायला अर्ज लागतो का?