मदत हवी आहे: गाडीतून धूर येतोय, माणूस आत आहे, ओढायचा की नाही?

घाटवाट: काल रात्री परशुराम घाटात आमच्या पुढची गाडी कठड्यावर आदळली. बॉनेटमधून धूर येत होता. चालक शुद्धीवर होता, मान दुखते म्हणत होता. निम्मे लोक ‘ओढा’ म्हणत होते, निम्मे ‘हात लावू नका’. मी नुसता उभा राहिलो. काय करायला हवं होतं? रविवारी परत त्याच रस्त्याने जायचंय, लवकर सांगा.

गॅरेज_खेड: धूर पांढरा की काळा? वास कसला? खाली काही सांडलं होतं का?

घाटवाट: पांढरा, दोनेक मिनिटांत विरला. पेट्रोलचा वास होता. ओघळ उताराने आमच्या गाडीकडे येत होता, आम्ही खालच्या अंगाला थांबलो होतो.

सागरवेळ: आधी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढायची.

गॅरेज_खेड: नको! सांडलेल्या पेट्रोलजवळ वायर काढताना ठिणगी उडते. शिवाय बॉनेट उघडलं की हवा लागून धुमसणारं पेटतं. चावी बंद करा, बस. विरणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा फुटलेल्या रेडिएटरची वाफ. काळा धूर आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला तर आग समजा.

मालवणी_माणूस: आमच्या काकांनी एका जखमीला दवाखान्यात नेलं, तर पोलीस चौकीत दिवस गेला. मी तरी थांबत नाही.

कुडाळची_ताई: दादा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही.

मी रुग्णवाहिकेवर काम करते. घाटवाट, तुमची गाडी चढाच्या बाजूला, निदान तीस पावलं लांब हवी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उताराने खाली येऊन साचते. एकाने वळणाच्या अलीकडे जाऊन गाड्या थांबवायच्या, दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. ओघळावर बाजूची लाल माती टाका, पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. चालकाचं डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरायचं आणि ‘मान वळवू नका’ म्हणत राहायचं. ज्वाळा दिसली किंवा धूर आत शिरला तर मात्र थांबू नका. पट्टा सोडा, मागून काखेत हात घाला, डोकं आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये ठेवून सरळ मागे ओढा.

सागरवेळ: गाडीत ठेवायला अग्निशामक कुठला चांगला?

गॅरेज_खेड: त्याचा वेगळा धागा काढा. ताई, पेट्रोल वाहतंय, ज्वाळा नाही. तापलेला सायलेन्सर शेजारी आहे. मी तर लगेच ओढेन.

कुडाळची_ताई: मी दार उघडून, पट्टा सोडून तयार राहीन. मान मोडलेली असेल आणि ओढताना वळली, तर हातपाय कायमचे जातील.

गॅरेज_खेड: आणि पेटली तर तयारीला दहा सेकंदही मिळणार नाहीत.

घाटवाट: शेवटी चौघांनी त्याला हातपाय धरून उचललं होतं. मान लोंबत होती. चिपळूणला नेलं एवढंच कळलं. पावसात माती वाहून गेली तर काय करायचं?