किल्ले स्पर्धेचा निकाल आणि बक्षीसवाटप : मदत हवी आहे

मातीचेहात : इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत यंदा दिवाळीत मुलांनी नऊ किल्ले केले. निकाल माझ्याकडे तयार आहे, पण ग्रुपवर टाकायला हात धजत नाही. तीन परीक्षकांनी ५० पैकी गुण दिले. पहिल्या दोघांनी सगळ्यांना ३६ ते ४३ च्या आत ठेवलं. तिसऱ्या काकांनी मात्र २२ पासून ४८ पर्यंत दिले. वरचे तीन असे :

रामशेज : ४२, ४३, ३० = ११५
राजगड : ४१, ४२, ३५ = ११८
सिंधुदुर्ग : ४०, ४०, ४८ = १२८

दोघांच्या मते रामशेज पहिला, तरी बेरजेत तो तिसरा. सूचनेत ‘एकूण गुणांवर निकाल’ असं लिहिलं होतं. शिवाय सिंधुदुर्गवाली दोन मुलं सुट्टीसाठी सटाण्याला गेलीत. काय करू?

भिशीवाली_काकू : आमच्या रांगोळीची बक्षिसं वॉचमनकडे ठेवली होती. एक भलत्याच घरी गेलं! हातातच द्या बाई.

पंचवटीकर : सर्वात जास्त आणि सर्वात कमी गुण काढून टाका. रामशेज आपोआप वर येईल.

सुट्टे_पैसे : पंचवटीकर, पाच परीक्षक असतील तर ते चालतं. तिघांत दोन आकडे काढले की एकच उरतो. ताई, खरी अडचण काकांच्या पट्ट्याची आहे. ज्याचे गुण जास्त पसरतात, त्याच्याच हातात निकाल जातो. पुढच्या वर्षी प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक लावा आणि क्रमांकांची बेरीज करा. इथे रामशेजची १+१+३ म्हणजे ५, राजगडची ६, सिंधुदुर्गची ७. सर्वात कमी बेरीज पहिली. पण यंदा नियम बदलू नका. गुण बघून बदललेला नियम कितीही चांगला असला, तरी सिंधुदुर्गच्या पोरांवर अन्याय होईल.

जाहीर करण्याआधी तिन्ही घरी फोन करा. रामशेजच्या मुलांना ग्रुपवरून कळायला नको. परीक्षकांकडून नऊही किल्ल्यांबद्दल एकेक नेमकी ओळ घ्या : कोणाचा बुरूज, कोणाची पाण्याची टाकी. ग्रुपवर फक्त क्रमांक आणि त्या ओळी टाका. गुण ज्याचे त्याने मागितले तर दाखवा.

मातीचेहात : हे पटलं. यंदा सिंधुदुर्गच पहिला. पण रामशेजच्या आईबाबांनी तिघांचे गुण मागितले तर काकांचे ३० दाखवायचे?

सुट्टे_पैसे : मी दाखवेन, परीक्षकाचं नाव न लावता.

पंचवटीकर : मी नाही दाखवणार. सोसायटीत कोणी ३० दिले ते दोन दिवसांत कळतं. काका पुढच्या वर्षी परीक्षक व्हायला येणार नाहीत.

भिशीवाली_काकू : सटाण्याची मुलं परत येईपर्यंत थांबा. बक्षीस किल्ल्यापाशीच द्या, तोवर सोसायटीला किल्ला मोडू नका म्हणावं. आणि चार मुलांत एकच ट्रॉफी असेल तर प्रत्येकाला नावाचं प्रमाणपत्र द्या. नाव कसं लिहितात ते आईला विचारून घ्या. आमच्या नातीच्या नावातला ‘ळ’ चुकला होता, ते प्रमाणपत्र तिने कपाटात उलटं ठेवलंय.

मातीचेहात : शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी संध्याकाळी ठेवते. फोटो ग्रुपवर टाकायला चालेल का, तेही फोनवरच विचारते. काकांच्या ३० चं मात्र अजून ठरत नाहीये.