नेमप्लेटच्या फोटोंवरून अरबी भाषांतर: कशाने किंवा कोणाकडून करून घ्यावं?

सांगलीकर_आनंद
नमस्कार मंडळी. माझ्या भाऊजींचं मस्कतमध्ये रूवीला घरगुती उपकरणांचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, किटली आणि आपल्याकडच्या घरघंट्या. प्रत्येक वस्तूशेजारी त्यांना अरबी कार्ड ठेवायचंय, त्यावर मागच्या नेमप्लेटवरचे आकडे हवेत. प्लेटांचे फोटो त्यांनी मला पाठवलेत, काहींवर फ्लॅशची चमक आलीय. एकूण बजेट ३००० रुपये, महिनाअखेरपर्यंत हवंय. मला अरबी वाचता येत नाही. व्होल्ट, वॅट, हर्ट्झ आणि सुरक्षेच्या खुणा यांत काडीचाही फरक होता कामा नये. ॲप सुचवा किंवा माणूस.

डेक्कन_जिमखाना
स्वस्तात जाऊ नका. आम्ही कंपनीची मॅन्युअल्स पुण्यातल्या एजन्सीकडून करून घेतो, पानाचे हजाराच्या वर जातात, पण काम चोख. तीन हजारांत कोणी हात लावणार नाही.

गिरीश_नाशिक
एजन्सी कशाला? फोनचा कॅमेरा धरा, ॲप जागच्या जागी अरबी करून देतं, फुकट. मी तुर्कस्तानात महिनाभर त्यावरच काढला. आणि आकडेही अरबीच घाला, तिथल्या लोकांना तेच आवडतात.

रोहिणी_मु
मिक्सर नेण्याआधी विचार करा हं. माझ्या आतेभावाने रियाधला इथला मिक्सर नेला. जुन्या घरात १२७ व्होल्टचा सॉकेट, चटणी काही बारीक होईना. शेवटी तिथलाच घ्यावा लागला.

सांगलीकर_आनंद
ताई, मिक्सर न्यायचा नाहीये, दुकानात आहेच. कार्डं करायचीत.

लेबलवाला
शारजात छपाईच्या कामात बरीच वर्षं होतो, अशी लेबलं रोजची. गिरीश, शब्दांपुरतं ॲप ठीक आहे, आकडे त्याच्या हवाली करू नका. प्लेटवर `50/60 Hz` असतं, तिरपी रेघ ७ म्हणून वाचली जाते आणि `50760` होतं. `V~` मधली लाटेची खूण म्हणजे एसी पुरवठा, ती आडवी रेघ होते किंवा गळून पडते. `0.75 kW` मधला टिंब चमकेत गेला की काय होतं ते सांगायला नको.

दुसरी अडचण अरबीचीच. मजकूर उजवीकडून डावीकडे, आकडे डावीकडून उजवीकडे. `220-240` हे अरबी शब्दानंतर टाइप केलंत की पडद्यावर २४०-२२० दिसतं, कारण मधल्या आडव्या रेघेला संगणक आकड्याचा भाग धरत नाही. गंमत अशी की त्याच ओळीतलं `50/60` जागचं हलत नाही. त्यामुळे अर्धी ओळ बरोबर, अर्धी उलटी, आणि अरबी न येणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. वेबपानावर असेल तर असं बांधून ठेवा:

```
<span dir="ltr">220-240 V~ 50/60 Hz</span>
```

वर्डमध्ये असेल तर टेबल करा. एका रकान्यात अरबी शीर्षक, दुसऱ्यात नुसता आकडा, आणि त्या रकान्याची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवा.

गिरीश_नाशिक
उलटं झालं तर बिघडलं काय? २२० ते २४० काय आणि २४० ते २२० काय, एकच ना.

लेबलवाला
किटली घ्या. प्लेटवर `220-240 V~ 50/60 Hz 1850-2200 W`. याचा अर्थ २२० ला १८५०, २४० ला २२००. व्होल्ट उलटले आणि वॅट तसेच राहिले, तर कार्डावर जोडीच चुकते.

आनंद, यातच तपासणीची सोय आहे. तापणाऱ्या कॉइलचे वॅट व्होल्टच्या वर्गाने वाढतात. २४० भागिले २२०, त्याचा वर्ग १.१९. आणि २२०० भागिले १८५० सुद्धा १.१९. चमकेमुळे १८५० चं १३५० वाचलं असतं तर भागाकार १.६३ आला असता आणि चूक तिथेच पकडली गेली असती. किटली आणि इस्त्रीला हे चालतं. मोटरच्या वस्तूंना नाही.

रेघेबद्दलही सांगतो. `115-230 V` म्हणजे त्या टप्प्यात काहीही न बदलता चालतं, `115/230 V` म्हणजे आधी बटण किंवा जोडणी बदलायची. दोन रेघांची अदलाबदल झाली तर वस्तू जळू शकते.

डेक्कन_जिमखाना
म्हणूनच म्हटलं, एजन्सी.

वायरमन_काका
घरघंटीचं कोणी बोललं नाही. प्लेटवर १ एचपी असतं, त्याचे ७४६ वॅट करून टाका, अरबी लोकांना एचपी कळणार नाही. इथे सगळे असंच लिहितात.

लेबलवाला
काका, ७४६ ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. मीटरमधून ती त्याहून जास्त ओढते. कार्डावर ७४६ वॅट लिहिलं की गिऱ्हाईक वीजखर्च तेवढाच समजणार. प्लेटवर एचपी असेल तर एचपीच ठेवा, वॅट वेगळे छापले असतील तर तेही. स्वतः रूपांतर करायचं नाही.

वायरमन_काका
चाळीस वर्षं मोटरी भरतोय मी. फरक किरकोळ असतो. गिऱ्हाईक मीटर घेऊन बसत नाही.

रोहिणी_मु
रियाधला हर्ट्झही वेगळे आहेत म्हणे, ६०. म्हणून तर मिक्सर बिघडत नसेल?

लेबलवाला
मिक्सरला कार्बन ब्रश असतात, त्याला हर्ट्झने फारसा फरक पडत नाही, तुमच्याकडे व्होल्ट कमी पडले. घरघंटीची मोटर मात्र ६० हर्ट्झवर जवळपास पाचव्या हिश्श्याने जोरात फिरते. ओमानला ५० आहे म्हणून प्रश्न नाही. पण सौदीत राहणारं गिऱ्हाईक घेऊन जाईल, तेव्हा कार्डावर `50 Hz` आहे की `50/60 Hz` हे नीट दिसायला हवं.

सांगलीकर_आनंद
खुणांचं कसं करू? किटलीवर आयएसआय आहे. मिक्सरवर एका चौकोनात दुसरा चौकोन आहे.

लेबलवाला
चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्या वस्तूला अर्थिंग लागत नाही. ॲप त्याला एखादं अक्षर समजतं नाहीतर वगळतं. खूण जशीच्या तशी चित्र म्हणून लावा, अर्थ शेजारी अरबीत. आयएसआयखालचा परवाना क्रमांक अंक-अक्षर जुळवून. आणि प्लेटवर आखाती देशांची `G` ही खूण नसेल तर कार्डावर घालू नका. वस्तूने जी चाचणी दिलेली नाही ती दिल्याचं ते छापणं होईल.

अनुजा_ठाणे
अरबी आकड्यांबद्दल एक. त्यांचा पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. आपण मराठी डोळ्यांनी तपासायला बसलो की ५० चं भलतंच काही वाचू. मी दोहाला असताना दुकानांत दोन्ही तऱ्हेचे आकडे दिसायचे, इंग्रजी आकडे सगळ्यांना कळतात. तेच ठेवा, म्हणजे तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

गिरीश_नाशिक
मला अजूनही वाटतं अरबी आकड्यांनी छाप पडते.

अशोक_डोंबिवली
एजन्सी नको, ॲप नको, वर म्हटलंय तसं टेबल करा. आकडे हाताने टाइप करा.

सांगलीकर_आनंद
सगळ्यांचे आभार. रात्री भाऊजींशी बोललो. असं ठरतंय: आकडे आम्ही टाइपच करणार नाही. प्लेटचा फोटो कापून मोठा करून कार्डावर तसाच छापायचा आणि खाली व्होल्ट, वॅट, हर्ट्झ, खुणा यांचे अर्थ अरबीत. ते शब्द सगळ्या कार्डांना सारखेच, म्हणजे एकदाच करून घ्यायचे, दुकानातला ओमानी मुलगा तपासून देईल. पैसे छपाईला राहतील.

लेबलवाला
आकडे चुकणार नाहीत हे खरं. पण चमक आलेल्या फोटोंत गिऱ्हाईकालाही वाचता येणार नाही. ते परत काढायला सांगा, फ्लॅश बंद करून, बाजूने टॉर्च धरून. आणि एचपीचा अर्थ लिहाल त्यात ७४६ घालू नका.

वायरमन_काका
घाला. काही होत नाही.

सांगलीकर_आनंद
फोटो परत मागवतोय. दोन घरघंट्यांची प्लेट भिंतीकडे आहे, त्या हलवायला त्यांना माणूस लागेल. एचपीचं भाऊजींवर सोडतो.