ज्युनिअर ऑटोमेशनच्या अर्जात बाबांच्या दुकानाच्या दोन स्क्रिप्ट लिहू का?

सांगलीकर_बीकॉम: पायथन स्वतःच शिकलोय. पुण्यात ज्युनिअर ऑटोमेशनची जागा आहे, एक्सेल आणि अकाउंट्सची कामं स्क्रिप्टने करायची. माझ्याकडे बाबांच्या हार्डवेअर दुकानासाठी केलेल्या दोन स्क्रिप्ट आहेत. एक खरेदीची बिलं जीएसटीच्या २बी शी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या महिन्याच्या यादीशी जुळवते, दुसरी टॅलीतून काढलेली उधारी ३०, ६०, ९० दिवसांत लावते. लेटरमध्ये लिहिलंय 'दोन ऑटोमेशन सोल्युशन्स बनवून ९० टक्के वेळ वाचवला'. मित्र म्हणतो घरचं काम लिहू नको. लिहू का?

रात्रपाळी: मित्राचं बरोबर आहे. स्क्रिप्ट लिही, पण 'बाबांचं दुकान' काढ आणि 'एका व्यापाऱ्यासाठी' असं टाक. कोड गिटहबवर चढव, लिंक दे, कोड चांगला असला की दुकान कुणाचं हे कोण विचारतंय.

हिशेबवाली_ताई: अजिबात पटलं नाही. ज्युनिअरचे अर्ज मी बरीच वर्षं वाचतेय, 'व्यापारी कोण, काम कसं मिळालं' हा पहिला प्रश्न असतो, आणि तिथे 'बाबाच' असं निघालं की पोरगं लपवत होतं असं वाटतं, मग बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो. घरचं म्हणून सरळ लिही. खरी अडचण तुझ्या ९० टक्क्यांची आहे, कशाचे ९० टक्के? महिन्याला बिलं किती, आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो, आणि स्क्रिप्ट कुठे चुकली ते सांग.

चाकण_शिफ्ट: ऑटोमेशनला स्क्रिप्टचं काय काम? माझ्या इंटरव्ह्यूत सेन्सर, रिले, लॅडर विचारलं होतं, मी कॉलेजातल्या कन्व्हेयरचा प्रोजेक्ट लिहिला होता. पीएलसीचा छोटा कोर्स कर आधी.

हिशेबवाली_ताई: दादा, ते कारखान्यातलं ऑटोमेशन, याची जागा अकाउंट्सची आहे. पण एक बरं झालं, जाहिरातीत नुसतं 'ऑटोमेशन' असेल तर लेटरच्या पहिल्याच ओळीत कुठलं काम ते यायला हवं.

सांगलीकर_बीकॉम: ताई, महिन्याला साधारण १४० बिलं. २बी १४ तारखेला येते, मग बाबा आणि मी दोन संध्याकाळी बसायचो, आता अर्धा तास जातो. चूक झाली होती. पुरवठादाराच्या बिलावर SKE/24-25/0187 असतं, बाबा टॅलीत नुसतं 187 टाकतात, म्हणून मी शेवटचे आकडे घेऊन जीएसटी नंबरसोबत जुळवले. चालत होतं. मग एका पुरवठादाराने दुसरी सिरीज काढली, त्यातही 187 आला, आणि २बी त न आलेलं बिल 'जुळलं' म्हणून दाखवलं. बाबांना रक्कम वेगळी दिसली म्हणून कळलं. आता करपात्र रक्कमही बघतो, एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घेतो, बाकी सगळं 'हाताने तपासा' या शीटवर जातं.

हिशेबवाली_ताई: अरे हेच तर लिहायचं! असं काहीतरी, इंग्रजीत कर: 'वडिलांच्या हार्डवेअर दुकानात महिन्याची सुमारे १४० खरेदी बिलं २बी शी जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली. दोन संध्याकाळचं काम अर्ध्या तासावर आलं. एकदा सारख्या क्रमांकामुळे चुकीचं बिल जुळलं, तेव्हापासून रक्कमही तपासते आणि शंका असलेली बिलं माणसाकडे पाठवते.' उधारीवाल्या स्क्रिप्टला एक ओळ पुरे. पण आधी सांग, गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा बाबा जमा त्या बिलापुढे लावतात की कुठल्याच बिलाला न जोडता 'ऑन अकाउंट' टाकतात?

सांगलीकर_बीकॉम: बरेचदा ऑन अकाउंट.

हिशेबवाली_ताई: मग पैसे दिलेल्या माणसाचं जुनं बिलही तुझ्या यादीत ९० दिवसांवर दिसत असणार. ते बघितल्याशिवाय या स्क्रिप्टबद्दल 'अचूक' हा शब्द वापरू नकोस.

रात्रपाळी: घरचं लिहायचं हे मान्य. पण चूक लेटरमध्येच? वाचणारा आधी चाळणी लावतो, 'चुकीचं बिल जुळलं' दिसलं की बाजूला ठेवेल, ते इंटरव्ह्यूत सांगावं.

हिशेबवाली_ताई: मी असं लेटर बाजूला ठेवणार नाही, पण दुसरीकडे काय करतील याची खात्री नाही देऊ शकत. गिटहबचं मात्र सांभाळ, त्यात पुरवठादारांचे जीएसटी नंबर आणि दर गेले तर?

सांगलीकर_बीकॉम: खरी फाइल गेली होती, आत्ताच डिलीट केली, `.gitignore` मध्येही टाकली.

हिशेबवाली_ताई: तेवढ्याने होत नाही रे, जुन्या कमिटमध्ये ती तशीच दिसते. रेपो आधी प्रायव्हेट कर, मग नवा रेपो काढून त्यात फक्त कोड आणि खोट्या नावांची दहा बिलं ठेव, त्यात दोन 187 मुद्दाम घाल.

सांगलीकर_बीकॉम: प्रायव्हेट केला. उधारीची यादी आज रात्री बाबांसोबत तपासतो, चुकीची निघाली तर लेटरमधून ती ओळ काढू का हे परत विचारेन.