जपानी ॲपचा लांब स्क्रीनशॉट धूसर आलाय, आकडे कसे वाचू?

कुंदा_नागपूर
बहीण नागोयात असते. तिने भाड्याचं घर सोडलं, त्याचा अनामत रकमेचा हिशेब एजन्सीने ॲपवर दाखवलाय. माझं जपानी तिच्यापेक्षा बरं म्हणून तिने सगळं पान एका लांबलचक स्क्रीनशॉटमध्ये घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवलं. बोटांनी मोठं केलं की नुसती मुंग्यांची रांग दिसते. त्यात उजवीकडचा रकमेचा रकाना अर्धा कापलेला. हे वाचता येईल असं करायचा काही उपाय?

फोटोवाला_दादर
तिप्पट मोठं करा, वर थोडं शार्पन मारा. माझं काम नेहमी होतं.

रिकामटेकडा
मॉनिटरचा फोटो काढला की पट्टे पडतात. थोडं तिरकं धरून लांबून काढा.

कुंदा_नागपूर
@रिकामटेकडा कॅमेऱ्याचा फोटो नाही हो, स्क्रीनशॉटच आहे. @फोटोवाला, करून पाहिलं. मुंग्यांचे मुंगळे झाले.

अनुवादक_बाई
आधी फाइलची माहिती उघडा. किती बाय किती पिक्सेल आहे?

कुंदा_नागपूर
२४० × १६००.

अनुवादक_बाई
इथेच मेख आहे. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. बहिणीच्या फोनची रुंदी १०८० धरली तर मूळ चित्र १०८० × ७२०० असणार. लांबी बसवताना रुंदीही त्याच मापात आकसली. म्हणजे फोनवर जे अक्षर ४२ पिक्सेल उंच होतं ते तुमच्याकडे ९ वर आलं. नऊ पिक्सेलमध्ये इंग्रजी कसंबसं लागतं, पण दहा-बारा रेघांच्या जपानी कांजी अक्षराला तेवढी जागाच नाही. मोठं करून जे गेलं ते परत येत नाही, त्यामुळे यावर वेळ घालवू नका, चित्र पुन्हा मागवा.

बहिणीला सांगा, स्क्रीनशॉट 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, मग आकार बदलत नाही. ते जमत नसेल तर फोनमध्येच कापून १५०० पिक्सेल उंचीचे तुकडे पाठव. कापताना दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत काप, आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या दोन ओळी राहू दे. त्या दोन ओळी नसल्या तर मधे काही गळलं का, हे कळायला मार्गच नाही.

कापलेल्या रकान्यासाठी फोन आडवा करून वेगळा शॉट घ्यायला सांगा, त्यात बाबींची नावंही आली पाहिजेत. नुसता रकमांचा रकाना शेजारी चिकटवला आणि एक ओळ सरकली, की साफसफाईची रक्कम भिंतीच्या कागदापुढे जाऊन बसते, आणि दिसायला सगळं अगदी नीटनेटकं दिसतं!

फोटोवाला_दादर
मग धूसर प्रती तीन-चार एकावर एक ठेवून सरासरी काढली तर? मी रात्रीच्या फोटोंना करतो.

अनुवादक_बाई
रात्रीच्या फोटोंत प्रत्येक वेळी दाणे वेगळे पडतात, म्हणून तिथे चालतं. इथे एकाच फाइलच्या प्रती आहेत, त्यांची सरासरी म्हणजे तेच चित्र. मात्र ॲपची ओळ थोडी-थोडी सरकवून घेतलेले वेगवेगळे शॉट असतील तर थोडा फायदा होत असेल, मी करून पाहिलेलं नाही.

टर्मिनल_तात्या
तुकडे आले की इमेजमॅजिक प्रोग्राममध्ये जोडा. दुसऱ्या तुकड्यातल्या सामाईक दोन ओळी १६० पिक्सेलच्या धरल्यात, तुम्ही मोजून घाला:

```
magick b.png -crop +0+160 +repage b2.png
magick a.png b2.png -append ek.png
magick ek.png -resize 300% mothe.png
```

मधली जोडफाइल पीएनजीच ठेवा. दर वेळी जेपीजीत सेव्ह केलं की अक्षरांच्या कडेला चिखल वाढतो.

कुंदा_नागपूर
बहिणीने डॉक्युमेंट न करता सहा तुकडेच पाठवले, तरी चांगले आले! जोडले. आता मजकूर लागतो. `未納` की `末納` यात अडले होते, पण दुसरा शब्दच नाही, म्हणून थकबाकीच. आकड्यांचं काय? अनामत १,२०,००० येन, साफसफाई ३५,०००, भिंतीचा कागद १८,०००, परत ६४,०००.

अनुवादक_बाई
शब्दाला शेजारचे शब्द सांभाळून घेतात, आकड्याला कोणी नाही. म्हणून बेरीज करा. तुमच्या आकड्यांनी ६७,००० परत यायला हवेत. तीन हजार कुठेतरी चुकलेत, बहुधा ५ आणि ८. साफसफाईची ओळ मूळ तुकड्यातून एकटी कापून तिप्पट करा.

कुंदा_नागपूर
केली. ५ ची डावी खालची बाजू जरा भरलेली वाटते, ८ असावा. ३८,००० धरले तर हिशेब जुळतो.

टर्मिनल_तात्या
भिंतीचा कागद २१,००० असेल तरी जुळतो हं.

कुंदा_नागपूर
अरेच्चा. बहिणीला फोन करून तेवढी एक ओळ वाचून घेतली. ३८,०००च. आता भांडण दुसरं आहे, साफसफाईला एवढे का. त्यावर कोणाला अनुभव?